चेहरा लंबगोल, सगळंच शोभतं म्हणतात, मग नेमका कोणता कट करू?

बेळगावच्या शहापुरात माझं पार्लर आहे. अनगोळ, वडगाव, टिळकवाडीच्या मुली येतात, लग्नसराईत खानापूर आणि निपाणीकडूनही येतात. गोल किंवा चौकोनी चेहऱ्याच्या मुली खुर्चीत बसून पटकन निर्णय घेतात. अडून बसतात त्या लंबगोल चेहऱ्याच्या, ज्याला आपण ओव्हल म्हणतो. "मला काहीही चालतं म्हणतात, म्हणूनच काही सुचेना झालंय," हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर येतं. त्यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि मी त्यांना काय सांगते ते इथं लिहिलं आहे.

माझा चेहरा लंबगोलच आहे, हे खात्रीनं कसं कळेल?

आरशात बघून नव्हे आणि सेल्फीवरूनही नव्हे. मोबाईल हातभर अंतरावर धरला की नाक-तोंडाचा मधला भाग मोठा येतो, गाल आणि कान मागं जातात, त्यामुळं चेहरा आहे त्यापेक्षा अरुंद आणि लांब दिसतो. घरातल्या कुणाला तरी दोन मीटरवर उभं करा, मोबाईल तुमच्या नाकाच्या उंचीवर धरायला सांगा, केस हेअरबँडनं पूर्ण मागं घ्या आणि फोटो काढून घ्या.

आता शाळेची पट्टी घेऊन त्या फोटोवरच मापं घ्या. कपाळावर केस सुरू होतात तिथपासून हनुवटीच्या टोकापर्यंत लांबी. मग तीन रुंद्या: कपाळाची, गालाच्या हाडांची आणि जबड्याची. लांबीला गालाच्या रुंदीनं भागा. उत्तर साधारण १.५ च्या आसपास आलं, गालांची रुंदी सगळ्यांत जास्त निघाली, कपाळ जबड्यापेक्षा किंचित रुंद असलं आणि जबड्याला कोपरा नसून गोलाई असली, तर चेहरा लंबगोल. भागाकार १.७ च्या पुढं गेला तर तो लांबट चेहरा. त्याचं गणित निराळं, कारण तिथं उंची आणखी वाढवणारे कट टाळावे लागतात. माझ्याकडं लंबगोल म्हणून येणाऱ्या कित्येक मुलींचा चेहरा खरं तर लांबट असतो, म्हणून हे मोजणं सोडू नका.

लंबगोल चेहऱ्याला सगळं शोभतं हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं, पण त्या वाक्यातून हाती काही लागत नाही. चेहऱ्याच्या आकाराचे जे तक्ते पार्लरच्या भिंतीवर लागलेले असतात, ते मुळात दुरुस्तीचे तक्ते आहेत. गोल चेहऱ्याला डोक्यावर थोडी उंची द्या, चौकोनी जबड्याजवळ मऊ बटा सोडा, लांबट चेहऱ्याला कपाळावर केस आणा. या सगळ्या सल्ल्यांचा रोख एकच असतो, चेहरा लंबगोल भासावा. ज्याचा चेहरा आधीच तसा आहे त्याला तो तक्ता काय सांगणार? तिथं दुरुस्त करायला काही उरलेलंच नसतं.

तुम्हाला सुचत नाही यात तुमचा दोष नाही. चेहऱ्याला विचारलं, चेहऱ्यानं "काहीही चालेल" म्हणून सांगितलं, तिथंच तो विषय संपला. पुढचा प्रश्न केसांना विचारायचा.

मग केसांना नेमकं काय विचारायचं?

तीनच गोष्टी. त्यांची तपासणी घरी, सुट्टीच्या दिवशी, डोक्यावरून अंघोळ केल्यावर करता येते.

पहिली, केस किती दाट आहेत. केस वाळल्यावर मानेपाशी घट्ट पोनी बांधा आणि रबराजवळ शिलाईची टेप गुंडाळून घेर मोजा. ५ सेंटीमीटरच्या आत आला तर विरळ, १० च्या पुढं गेला तर दाट, मधला असला तर मध्यम. हे ढोबळ माप आहे, पण डोळ्यांनी घातलेल्या अंदाजापेक्षा पुष्कळ बरं.

दुसरी, एकेक केस किती जाड आहे. गळून कंगव्यात आलेला एक केस अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून फिरवा. हाताला काही लागलंच नाही तर तो बारीक, शिवणाच्या दोऱ्यासारखा स्पष्ट लागला तर जाड. दाटपणा आणि जाडी यांची फार गल्लत होते. केस बारीक पण पुष्कळ असू शकतात, जाड पण थोडे असू शकतात, आणि या दोघींना लागणारे कट वेगळे असतात. बारीक केसांना जास्त लेयर केले की खालची कड झिरझिरीत होते, शेपूट लोंबल्यासारखं दिसतं. जाड आणि दाट केसांना लेयर नाही दिले तर ते खाली पसरून तंबूसारखे उभे राहतात.

तिसरी, केस आपोआप कसे वाळतात. धुतल्यावर टॉवेलनं टिपा, मोठ्या दातांच्या कंगव्यानं एकदा विंचरा आणि नंतर हात लावू नका. पूर्ण वाळल्यावर जे दिसेल तो तुमचा खरा केस. ड्रायरनं सरळ केलेले केस घेऊन पार्लरमध्ये आलात तर कापणाऱ्याला तुमचा केस दिसतच नाही. कटिंगला येताना म्हणूनच केस नुसते धुवून, न सेट करता या.

भोवऱ्यानं काय फरक पडतो? तो तर मागं असतो.

मागचा सगळ्यांना असतो. पण बऱ्याच जणींना कपाळाच्या कडेलाही एक लहान भोवरा असतो, डाव्या नाहीतर उजव्या भुवईच्या वर. तिथले केस खाली न येता वर किंवा आडवे जातात. मोठ्या केसांत तो झाकला जातो, कारण केसांचं वजनच त्यांना खाली ओढतं. केस आखूड केले की वजन जातं आणि भोवरा डोकं वर काढतो.

मी नवीन असताना एका कॉलेजच्या मुलीला कपाळावर सरळ बँग्ज हवे होते. चेहरा अगदी मापाचा लंबगोल. मी म्हटलं, हिला छानच दिसतील. ओले केस पुढं घेतले, कंगवा धरला आणि बरोबर भुवईच्या रेषेत कापले. वाळायला लागल्यावर ते दोन बोटं वर चढले आणि उजव्या बाजूला पडदा सारावा तशी मधूनच फट पडली. तिथं भोवरा होता आणि मी तो बघितलाच नव्हता. पुढं तीन महिने ती मुलगी ती बट चापानं मागं लावून फिरली. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून कपाळाजवळ कात्री नेण्याआधी मी तिथले केस ओले करून, बोटांनी सगळ्या दिशांना सारून सोडून देते आणि ते कुठल्या बाजूला पडतात ते बघते. तुम्हीही घरी करून बघा, अर्धं मिनिट लागतं.

भोवरा असला म्हणजे बँग्ज करताच येत नाहीत असं नाही. पण मग ते सरळ, जाड आणि कपाळभर नकोत. भोवरा ज्या दिशेला जातो त्याच दिशेला झुकणारे तिरके आणि लांब फ्लिक्स करायचे, गालाच्या हाडापर्यंत तरी येणारे.

ओले असताना बरोबर होते, वाळल्यावर आखूड कसे झाले?

ओला केस ताणला जातो आणि वाळताना आखडतो. सरळ केसात हा फरक थोडा असतो, लहरी केसात बोटभर ते दोन बोटं, आणि कुरळ्या केसात तर हनुवटीपर्यंत ठेवलेला केस कानाच्या पाळीपर्यंत चढतो. तुमचा केस किती आखडतो ते कळायला एक बट ओली असताना ताणून ती छातीवर कुठं टेकते ते बघा, तिथं कपड्याला टाचणी लावा, आणि वाळल्यावर परत बघा. जेवढा फरक पडेल तेवढं माप कापणाऱ्याला आधीच सांगा. कुरळे केस असतील तर मी निम्मं काम कोरड्या केसांवर करते.

तुम्ही स्वतः कसं ठरवता? एखादं उदाहरण सांगा ना.

गेल्या खेपेचं एक सांगते. अनगोळची मुलगी, २६ वर्षांची, उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला. मे महिन्याच्या शेवटी आली. केस कमरेपर्यंत, आणि मोबाईलमध्ये साठवलेले ४० फोटो. बॉब, पिक्सी, लेयर, बँग्ज, सगळं त्यात. "सगळे आवडतात ओ, तुम्हीच एक निवडा," म्हणाली. मी तिला सांगितलं की मी निवडणार नाही, आपण दोघी मिळून काढून टाकत जाऊ.

आधी मापं घेतली. चेहरा भागून १.४६, म्हणजे लंबगोल. पोनीचा घेर ७ सेंटीमीटर, मध्यम. केस बारीक. आपोआप वाळल्यावर कानाखालून हलकी लहर. कपाळावर उजव्या बाजूला भोवरा. मग तीन प्रश्न विचारले.

सकाळी केसांना किती वेळ देशील? तिनं १० मिनिटं म्हणून सांगितलं, आणि घरी ड्रायर नाही. चकचकीत, गोल वळवलेले, ब्लो ड्राय केल्याशिवाय तसे दिसणारच नाहीत असे फोटो काढून टाकले. ४० चे २१ राहिले.

ऑफिसला कशी जातेस? स्कूटरवर, हेल्मेट घालून, दिवसातून दोनदा. हेल्मेटखाली बँग्ज कपाळाला चिकटून दबतात, घाम येतो, आणि तिला भोवराही होता. बँग्जचे फोटो गेले. १२ राहिले.

मग मी त्या १२ फोटोंतल्या बायकांचे केस बघायला सांगितलं, चेहरे नव्हे. पाच जणींचे केस तिच्या दुपटीनं दाट होते. तिच्या डोक्यावर तो कट निम्म्या भरावाचा दिसला असता. ७ राहिले.

शेवटचा प्रश्न, येत्या वर्षात काय कार्यक्रम आहे? तुळशीचं लग्न झालं की डिसेंबरात तिचं स्वतःचं लग्न होतं, आणि आईला अंबाडा हवा होता. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. मेअखेरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत साडेसहा महिने, म्हणजे सात-आठ सेंटीमीटर. डिसेंबरात केस बांधून गंगावन टिकेल इतके हवे असतील तर आज खांद्याच्या वर जाऊन चालणार नव्हतं. पिक्सी आणि बॉब गेले. तीन फोटो उरले, आणि ते तिन्ही बघताना तिलाच जाणवलं की तो एकच कट आहे, नुसत्या बायका तीन आहेत.

त्या मुलीचा कट नेमका कसा केला?

गळपट्टीच्या हाडाखाली चार बोटं, खालची कड जवळजवळ एका रेषेत. बारीक केसाला कड भरीव ठेवली तर केस जास्त वाटतात, म्हणून मागं लेयर दिलेच नाहीत. फक्त चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना पुढून थोड्या बटा उतरत्या केल्या. त्यांतली सगळ्यांत आखूड बटही हनुवटीखाली दोन बोटं ठेवली. हेल्मेट घालताना ती कानामागं जाऊन मागच्या रबरात अडकली पाहिजे, नाहीतर काचेच्या आत येऊन डोळ्यांत टोचते. हे मी कात्री धरण्याआधी बोटानं बट कानामागं नेऊन बघितलं.

गळपट्टीच्या हाडाखालीच का, खांद्यावर का नाही, हे तिनं विचारलं. खांद्यावर बरोबर टेकणारे केस खांद्याला आपटून बाहेरच्या बाजूला वळतात. रोज ड्रायरनं आत वळवले तरच नीट बसतात. म्हणून लांबी खांद्याच्या स्पष्ट वर ठेवावी नाहीतर स्पष्ट खाली, खांद्यावर अडकवू नये. लंबगोल चेहऱ्याच्या मुलींना हे आवर्जून सांगते, कारण "खांद्यापर्यंत" हे सगळ्यांत सुरक्षित माप वाटतं आणि घरी गेल्यावर तेच सगळ्यांत जास्त त्रास देतं.

कापताना ठरलेल्या मापापेक्षा तीन बोटं जास्त ठेवून पहिला हात मारला. केस पंख्याखाली वाळू दिले. लहरीमुळं ते बोटभर वर आले. मग उरलेलं कोरड्यावर बारीक करून कड जुळवली. दोन वेळा धुवून झाल्यावर परत ये म्हटलं होतं, ती आली तेव्हा पुढची उजवी बट उचलून बाहेर जात होती. भोवराच तो. कापलं काहीच नाही. ती भांग डावीकडं पाडत होती, म्हणजे उजवीकडचे केस भोवऱ्याच्या विरुद्ध दिशेला ओढले जात होते. भांग दोन बोटं उजवीकडं सरकवला आणि बट आपसूक बसली.

फोटो दाखवावा की नुसतं सांगावं?

फोटो जरूर दाखवा, पण तीन दाखवा, आणि तिन्ही तुमच्यासारखे केस असलेल्यांचे असू द्या. मग त्यातलं नेमकं काय आवडलं ते बोटानं दाखवा. लांबी आवडली, पुढच्या बटा आवडल्या, की रंग आवडला? कित्येकदा मुलीला फोटोतला रंग भावलेला असतो आणि ती कट मागत असते.

बोलण्यातल्या मापांवर विसंबू नका. आपल्याकडं कापणारी मराठी असेल, कन्नड असेल, हिंदी बोलणारीही असेल. "थोडंच काढा" किंवा "स्वल्प कट माडी" म्हणालात तरी तुमचं थोडं आणि तिचं थोडं एक नसतं. "दोन इंच" म्हणालात तर ओले दोन इंच की वाळलेले? त्यापेक्षा आरशासमोर बसून स्वतःच्या अंगावर बोट ठेवा. "वाळल्यावर इथं आले पाहिजेत." भाषा कुठलीही असो, बोट सगळ्यांना कळतं.

बॉब करावासा वाटतो, पण भीती वाटते. टप्प्याटप्प्यानं करता येईल का?

येईल, आणि लंबगोल चेहऱ्याला हे सोपं जातं, कारण वाटेतली प्रत्येक लांबी चेहऱ्याला चालते. पहिल्यांदा गळपट्टीच्या हाडाखाली या. दोन महिने तसेच राहा. पटलं तर खांदा ओलांडून एकदम मानेच्या मध्यावर. त्यानंतर हवं तर हनुवटीपर्यंत. अट एकच, खांद्यावर मुक्काम करायचा नाही.

बॉब करण्याआधी मान बघून घ्या. मागं मानेवर केस कुठपर्यंत उगवतात आणि कुठल्या दिशेला, हे मोबाईलनं फोटो काढून बघा. काही जणींचे मानेवरचे केस वर उगवतात. मान उघडी ठेवणारा बॉब त्यांना दर तीन आठवड्यांनी साफ करून घ्यावा लागतो.

सव्वादोन इंचाचा नियम काय आहे? आखूड केस शोभतील की नाही ते त्यावरून कळतं म्हणतात.

हनुवटीखाली पेन्सिल आडवी धरायची, कानाच्या पाळीपासून पट्टी सरळ खाली आणायची आणि दोन्ही जिथं भेटतात तिथलं अंतर वाचायचं. सव्वादोन इंचांपेक्षा, म्हणजे साधारण ५.७ सेंटीमीटरपेक्षा कमी आलं तर आखूड केस शोभतात असं मानतात. ही युक्ती जबड्याचा उतार मोजते. करून बघायला हरकत नाही. पण केस बारीक आहेत की जाड, भोवरा कुठं आहे, यातलं काहीच त्यात धरलेलं नाही, म्हणून नुसत्या त्यावर कात्री लावायला मी सांगणार नाही.

पावसाळ्यात कट करावा की थांबावं?

करा, पण पावसाळ्यातला केस बघून करा. हवेतला ओलावा केसात शिरला की केसाच्या आतले नाजूक बंध सुटतात आणि नव्या जागी जुळतात, त्यामुळं सेट केलेला केस मोडतो आणि लहरी केस फुगतो. बेळगावात जून ते सप्टेंबर ही अवस्था रोजची. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं तर कपडे वाळत नाहीत तिथं केस काय वाळणार! निपाणी-चिकोडीकडं पाऊस कमी, तिथं इतका त्रास नाही.

उन्हाळ्यात शांत दिसणारा आखूड लेयर कट जुलैत दुप्पट फुगलेला दिसू शकतो. तुमचे केस जाड आणि लहरी असतील तर जूनमध्ये लांबी थोडी जास्त ठेवा, वजनानं ते खाली बसतात. आखूड करायचेच असतील तर दसऱ्याच्या सुमारास करा. बारीक सरळ केसांची गोष्ट उलटी आहे. पावसाळ्यात ते टाळूला चिकटून पडतात, त्यामुळं थोडे आखूड केलेलेच बरे दिसतात.

बोअरच्या पाण्यानं केस ताठ झालेत. कटवर परिणाम होतो का?

होतो. जड पाण्यातले क्षार केसावर बसतात, केस कडक आणि रुक्ष लागतो, लहर नीट बसत नाही. ज्यांच्याकडं नळाला राकसकोप किंवा हिडकल धरणाचं पाणी येतं त्यांनी निदान शेवटचं पाणी त्याचं घ्यावं. कट करायच्या आधीच्या आठवड्यात हे केलंत तर तुमचा केस मुळात कसा आहे हे तुम्हालाही कळेल.

थिनिंग कात्रीनं केस हलके करून देतात, चांगलं असतं का?

दाट आणि जाड केसांना, आतल्या थरात, टोकाकडच्या भागात, बेतानं. बारीक केसांना नको. मुळाजवळ थिनिंग केलं की महिनाभरात तिथले आखूड केस ताठ वाढून वरच्या केसांना आतून उचलतात. केस हलके व्हायच्या ऐवजी आणखी फुगतात, आणि ते सगळे वाढून जुळायला वर्ष जातं. कुणी न विचारता थिनिंग कात्री उचलली तर लगेच हात वर करून थांबवा, संकोच करू नका.

घरी आई-आज्जी नको म्हणतात. लग्नकार्यात केस आखूड असले तर काय?

अंबाडा किंवा खोपा घालायला तुमचे स्वतःचे कमरेपर्यंतचे केस लागत नाहीत. मानेपाशी घट्ट पोनी बांधता आली आणि तिच्यात आठ-दहा सेंटीमीटर केस उरले की गंगावन बसतं, त्यावर गजरा येतो. मुंडावळ्यांना तर केसांच्या लांबीचं काहीच लागत नाही. अडचण येते ती खूप आखूड लेयरची, मागचे केस पोनीत येतात आणि वरचे सुटून उभे राहतात. घरात सहा महिन्यांत कार्य असेल तर एवढंच बघा की सगळ्यांत आखूड बट रबरापर्यंत पोचते का. आज्जीला हे करून दाखवलं की तिचा निम्मा विरोध मावळतो, असा माझा अनुभव आहे.

बँग्ज आवडले नाहीत तर वाढायला किती दिवस?

भुवईपासून हनुवटीपर्यंत साधारण १२ सेंटीमीटर. महिन्याला सव्वा सेंटीमीटर धरले तरी नऊ-दहा महिने. ही एकच गोष्ट मी दोनदा विचार करून या म्हणून सांगते. आधी गालापर्यंतचे लांब फ्लिक्स करा, महिनाभर वागवून बघा, मग आखूड करायचे की नाही ते ठरवा.

मुलग्यांचं काय? माझ्या भावाचाही चेहरा असाच आहे.

तत्त्व तेच, केस आणि भोवरा बघायचा. मुलग्यांचे केस आखूड असल्यानं मागचा भोवराही उघडा पडतो, दोन भोवरे असतील तर तिथं केस अगदी बारीक करू नयेत, उभे राहतात. बाजूनं फार खाली उतरवून वर उंच ठेवले तर लंबगोल चेहराही लांबट दिसायला लागतो, म्हणून कानावर थोडे केस राहू द्यावेत. यापुढचं मात्र त्यांच्या सलूनवाल्या मामांनाच विचारा, दाढीसकट चेहरा कसा दिसेल ते त्यांना जास्त कळतं.

कट बिघडला असं वाटतंय. लगेच परत जाऊ का?

दोन वेळा घरी धुवून होईपर्यंत थांबा. पार्लरमधून निघताना ड्रायरनं सेट केलेले असतात, ते तुमचे रोजचे केस नव्हेत. दुसऱ्या धुण्यानंतर आरशासमोर ताठ उभ्या राहा, दोन्ही बाजूंच्या पुढच्या बटा हनुवटीखाली एकत्र आणा. एक बोटापेक्षा जास्त फरक दिसला तर कापताना चूक झाली आहे, जाऊन जुळवून घ्या. बटा सारख्या असून एकच बाजू फुगते किंवा उचलते असं असेल तर ते भोवऱ्याचं किंवा भांगाचं काम आहे, आधी भांग दोन बोटं हलवून बघा. त्यासाठी कात्री लावली तर ती बाजू आणखी उचलेल.

किती दिवसांनी ट्रिम करावं?

पिक्सी चार ते सहा आठवड्यांत आकार सोडतो, बॉब सहा ते आठ. गळपट्टीच्या हाडाखालच्या केसांना अडीच-तीन महिने चालतात. कट निवडतानाच हे आकडे विचारात घ्या. पिक्सीसाठी वर्षातून दहा वेळा खुर्चीत बसायची तयारी हवी, आणि तेवढी नसेल तर त्या ४० फोटोंतून आणखी काही फोटो आपोआप कमी होतात.